दहा बाय चौदाचा हॉल आणि आजींचा वॉकर: एका मांडणीची हकिकत

डोंबिवलीतल्या एका वन बीएचकेमधून फोन आला तेव्हा आजी अजून हॉस्पिटलमध्ये होत्या. गुडघ्याची वाटी बदलली होती आणि चार दिवसांनी त्यांना घरी आणायचं होतं. सुनेने एकच वाक्य सांगितलं: "वॉकर दारातून आत येतो, पण पुढे कुठेच जात नाही." हॉस्पिटलमधून आणलेला रिकामा वॉकर मुलाने घरात चालवून पाहिला होता. दार ओलांडल्यावर तीन पावलांत तो डायनिंगच्या खुर्चीला अडला. खुर्ची सरकवल्यावर सोफ्याच्या हाताला अडला.

मी घरांच्या आतल्या मांडणीचं काम करते. अशा घरात बहुतेकदा सामान फार असतं आणि जागा कमी, हे खरं आहे. तरी या घरात मला पहिल्या दिवशी दिसलं ते थोडं वेगळं होतं. मोजून पाहिलं तर फर्निचर हॉलच्या निम्म्याहूनही कमी जमिनीवर उभं होतं. उरलेली जमीन मात्र तुकड्यातुकड्यांत वाटली गेली होती. सोफ्यामागे चार इंच, दिवाणाशेजारी फूटभर, टीव्हीखाली थोडी. एकही तुकडा चालायला पुरेल असा नव्हता.

हॉल कसा होता

खोली दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब. मुख्य दार एका आखूड भिंतीत, डाव्या कोपऱ्याला लागून. समोरच्या आखूड भिंतीत खिडकी, बाहेर ग्रिल आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. उजव्या लांब भिंतीत, दाराच्या भिंतीपासून चार फुटांवर, तीन फूट रुंद मोकळी चौकट आहे. तिच्यातून पॅसेज लागतो आणि पॅसेजमधून स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि बेडरूम. म्हणजे घरातलं कोणीही हॉलमधून आत किंवा आतून हॉलकडे निघालं, तर त्याला या चौकटीतून जावंच लागतं.

सामान असं: तीन माणसांचा सोफा आणि दोन सुट्या खुर्च्या असा जुना सेट, मध्ये साडेतीन फुटी टीपॉय, खिडकीखाली सहा फुटी दिवाण, उजव्या भिंतीला दीड फूट खोल टीव्ही युनिट, चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल आणि मुख्य दारामागे चपलांचा रॅक. माणसं चार: आजी, मुलगा, सून आणि दहावीतली नात. नात रात्री हॉलमध्येच गादी घालून झोपते.

चपलांचा रॅक दारामागे असल्यामुळे दार पूर्ण उघडत नव्हतं. भिंतीला टेकण्याआधीच ते रॅकवर आपटायचं, आणि येणारा माणूस अर्धवट उघड्या दारातून अंग चोरून आत यायचा. पुढे डायनिंगची मागे ओढलेली खुर्ची आणि सोफासेटमधली एक सुटी खुर्ची यांच्यामध्ये सतरा इंच जागा होती. धडधाकट माणूस सतरा इंचांतून कड फिरवून सहज जातो, त्याला कळतही नाही. वॉकर कड फिरवत नाही. या घरातला वॉकर चोवीस इंच रुंद होता आणि तो धरणारे हात त्याहून थोडे बाहेर येतात. सरळ चालायला किमान बत्तीस इंच हवेत, छत्तीस मिळाले तर उत्तम. जिथे वळायचं तिथे साधारण चार फूट मोकळे असले की वॉकर न उचलता वळवता येतो.

अडचणीच्या खुणा घरात आधीपासून होत्या, फक्त कोणी त्यांच्याकडे खूण म्हणून पाहिलं नव्हतं. टीपॉयच्या एकाच कोपऱ्याचं सनमायका उडालं होतं. चौकटीच्या एका बाजूला, खांद्याच्या उंचीवर, रंग काळपट झाला होता, कारण सगळे तिकडेच घासून जायचे. नातीच्या नडगीवर निळा डाग होता. माणसं घरात खरंच कुठून चालतात आणि कुठे अडतात, हे त्यांना विचारण्यापेक्षा असल्या जागा पाहून जास्त नेमकं कळतं.

आधी वाट, मग सामान

नेहमीची पद्धत अशी की आधी सोफा कुठे, टीव्ही कुठे हे ठरतं आणि उरलेल्यातून माणसं चालतात. लहान हॉलमध्ये मी हे उलट करते. सगळं सामान एका संध्याकाळी बेडरूममध्ये आणि खिडकीच्या बाजूला ढकललं आणि मी हातात खडू घेतला. "मुख्य दारापासून चौकटीपर्यंत तू जशी चालशील तशी चाल, मी मागून रेघ मारते," असं मी नातीला म्हणाले. मग तिने मला चालायला लावून स्वतः रेघ मारली. दोन्ही रेघा जवळजवळ एकच होत्या.

त्या घरात तीन वाटा निघाल्या. पहिली आणि सगळ्यात वर्दळीची, मुख्य दार ते चौकट: दारातून सरळ आत आणि मग उजवीकडे काटकोनात. दुसरी, दिवाण ते चौकट, म्हणजे आजींची रात्रीची बाथरूमची वाट. तिसरी, चौकट ते खिडकी, रोज सकाळी बादलीभर कपडे घेऊन जायची.

पहिल्या दोन वाटा आम्ही तीन फूट रुंद आखल्या. त्या खडूने रंगवल्यावर हॉलचे आपोआप दोन भाग पडले, आणि या घरातलं पुढचं सगळं त्यावरच ठरलं. वाटेच्या अलीकडे, दाराची भिंत आणि चौकट यांच्यामधल्या कोपऱ्यात, साडेसहा फूट बाय चार फुटांचा एक खिसा उरला. वाटेच्या पलीकडे, खिडकीपर्यंत, दहा फूट बाय सात फुटांचा तुकडा उरला. खिसा जेवण-अभ्यासाचा, पलीकडचा तुकडा बसण्या-झोपण्याचा. वाट या दोघांच्या मधून, दोघांनाही कडेने स्पर्श करत जाते, कोणाच्याही पोटातून जात नाही. बसलेल्या माणसाला पाय आखडून घ्यावे लागत नाहीत आणि चालणाऱ्याला "जरा सरका" म्हणावं लागत नाही.

मग रद्दीतले पेपर घेतले. प्रत्येक वस्तूच्या मापाचा कागद चिकटवून कापला, त्यावर नाव लिहिलं आणि ते कागद जमिनीवर सरकवत बसलो. जड सोफा चार वेळा ओढण्यापेक्षा हे बरंच, आणि घरातल्यांना स्वतःच्या हाताने करून पाहता येतं. मुख्य म्हणजे खुर्चीचा कागद मी दोन मापांचा कापते: एक आत सरकवलेल्या खुर्चीचा, दुसरा माणूस बसलेल्या खुर्चीचा. माणूस बसल्यावर टेबलाच्या कडेपासून मागे दोन फूट जागा लागते. नकाशावर खुर्ची नेहमी आत सरकवलेली असते आणि घरात ती तशी क्वचितच राहते.

सोफा जाऊ दे की दिवाण

बसण्याच्या तुकड्यात सोफा आणि दिवाण दोन्ही बसत नव्हते. कागद कसेही फिरवले तरी आजींची वाट दोन फुटांच्या खाली यायची. सोफा लग्नानंतरचा, पहिल्या बोनसमधून घेतलेला, हे मुलाने मला दोनदा सांगितलं. मी घाई केली नाही. त्यांना एवढंच विचारलं की गेल्या महिन्यात तिन्ही जागा एका वेळी किती वेळा भरल्या. सून म्हणाली, "आम्ही सगळे दिवाणावरच लोळतो. सोफ्यावर इस्त्रीचे कपडे असतात." दुसऱ्या दिवशी सोफा आणि एक सुटी खुर्ची कल्याणला मुलाच्या बहिणीकडे गेली. दिवाणावर तिघं बसतात, शेजारी एक सुटी खुर्ची राहिली, आणि पाहुणे जास्त आले तर डायनिंगच्या खुर्च्या फक्त वळवायच्या. तीन फुटांची वाट ओलांडली की त्या बसण्याच्या घोळक्यात येतात.

दिवाण खिडकीखालून काढून डाव्या लांब भिंतीला लावला, डोक्याची बाजू खिडकीकडे. खिडकी पूर्वेला, त्यामुळे आजींची हरकत नव्हती. उत्तर असती तर मला कागद पुन्हा मांडावे लागले असते, आणि मी मांडले असते. दिवाणाचं पायथ्याचं टोक मुख्य वाटेपासून फूटभर मागे ठेवलं. म्हणजे त्या ठिकाणी वाट चार फूट होते आणि वॉकर वळतो.

दिवाणाची उंची मात्र कमी होती, गादी धरून जेमतेम सोळा इंच. नवीन गुडघ्याने इतक्या खालून उठताना पाय पुरेसा दुमडत नाही आणि सगळा भार हातांवर येतो. सुताराने चारही पायांखाली तीन इंचांचे लाकडी ठोकळे स्क्रूने पक्के केले. नुसते ठोकळे ठेवले तर ते हळूहळू निसटतात, ते कधीही करू नये. मऊ गादीऐवजी घट्ट गादी घातली. उंची वाढवल्याचा एक फायदा आम्ही आधी धरला नव्हता: दिवाणाखाली आता पांघरुणांची पेटी सरळ आत जाते, पूर्वी ती टीव्हीशेजारी उघडी पडलेली असायची.

टीव्ही भिंतीवर चढवला आणि खालचं युनिट दीड फुटावरून एक फूट खोलीचं केलं. मोठा टीपॉय काढून दोन फूट बाय दीड फुटाचा हलका ठेवला, दिवाणापासून सोळा इंचांवर. एवढ्यात पाय मावतात आणि चहाचा कप हाताला येतो. टीपॉय आणि टीव्ही युनिट यांच्यामध्ये तीन फुटांहून थोडी जास्त जागा राहिली, आणि तीच तिसरी वाट झाली, खिडकीकडे जाणारी.

ही तिसरी वाट टीव्ही आणि पाहणारे यांच्या मधून जाते. हा दोष आहे हे मला मान्य आहे. तो मी ठेवला, कारण त्या वाटेने कपड्यांची बादली सकाळी सातला जाते आणि या घरात टीव्ही संध्याकाळी सातनंतर लागतो. ज्या घरात दिवसभर टीव्ही चालू असतो किंवा बाल्कनीत कोणी सारखं फोनवर बोलायला जातं, तिथे ही मांडणी मी सुचवणार नाही.

टेबलाचे सहा इंच

खिसा चार फूट खोल होता आणि जुनं टेबल अडीच फूट रुंद. भिंतीला लावल्यावर समोर दीड फूट उरायचा. बसलेल्या माणसाला दोन फूट लागतात, म्हणजे प्रत्येक जेवणाला खुर्ची अर्धा फूट वाटेत येणार आणि वाट तीन फुटांवरून अडीच फुटांवर उतरणार. धडधाकट माणसाला अडीच फूट चालले असते. आजींना नाही.

टेबलाचा माथा प्लायचा होता. सुताराने तो सहा इंचांनी कापला, पाय आत घेतले, कडेला नवी पट्टी मारली. अर्ध्या दिवसाचं काम. आता टेबल चार फूट बाय दोन फूट. दाराच्या भिंतीला लांब बाजू लावली आणि उजव्या भिंतीला टोक. समोर दोन खुर्च्या, डाव्या टोकाला एक. तिघं बसले तरी कोणाची पाठ वाटेत येत नाही.

चौथ्या माणसाचं काय, हा प्रश्न सुनेने लगेच विचारला. आजी आठला जेवतात. मुलगा ऑफिसमधून घरी येईपर्यंत सव्वानऊ होतात, मग उरलेली तिघं बसतात. रविवारी चौघं एकत्र जेवतात तेव्हा टेबल भिंतीपासून ओढून घेतात आणि चौथी खुर्ची भिंतीच्या बाजूला टाकतात. तेवढा अर्धा तास वाट जवळजवळ बंद होते, पण त्या वेळी वाटेने चालणारी सगळी माणसं टेबलाशीच बसलेली असतात.

नात संध्याकाळी याच टेबलावर अभ्यास करते. ती भिंतीकडे तोंड करून बसते, त्यामुळे टीव्ही तिच्या पाठीमागे राहतो. आवाज अर्थातच येतो. त्याला मांडणीने उत्तर देता येत नाही, परीक्षेच्या महिन्यात घरच्यांनी आवाज बंद ठेवूनच टीव्ही पाहिला. उजेडाचं मात्र करता आलं. हॉलची ट्यूबलाइट तिच्या मागे होती, वहीवर तिच्याच डोक्याची सावली पडायची. टेबलाच्या वर भिंतीवर एक दिवा लावला. तो लागला की खिसा वेगळा दिसतो, आणि आजी ट्यूब बंद करून आडव्या झाल्या तरी तिचा अभ्यास चालू राहतो.

चपलांचा रॅक दारामागून काढला. सोसायटीने जिन्यात चपला ठेवायला मनाई केली आहे, म्हणून तो घरातच हवा होता. सात इंच खोलीचा, पुढे कलंडून उघडणारा रॅक डाव्या भिंतीला, उघड्या दाराच्या टोकापुढे लावला. दार पहिल्यांदा पूर्ण भिंतीला टेकलं. टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची रॅकसमोरच येते, आजी तिच्यावर बसून चपला घालतात.

आजी आल्यानंतर

पहिल्याच रात्री एक चूक उघडी पडली, आणि ती माझी होती. नातीची गादी रात्री कुठे पडणार हे मी कागदावर मांडलंच नव्हतं. सवयीने तिने ती दिवाणाला लागून घातली, आजीजवळ. पहाटे आजी उठल्या तेव्हा वॉकरचे दोन पाय गादीवर आणि दोन फरशीवर टेकले. सून जागी होती म्हणून सावरलं. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा गेले. रात्री टीपॉय टेबलाखाली जाईल आणि गादी टीव्हीच्या भिंतीकडे पडेल असं ठरवलं. दिवाण आणि गादी यांच्यामध्ये पावणेतीन फुटांहून थोडी जास्त जागा राहते. खिडकीची वाट रात्री गादीखाली जाते, पण रात्री खिडकीकडे कोणाला जायचं नसतं. गादीच्या कडेची रेघ नातीने फरशीच्या सांध्यावरून लक्षात ठेवली: युनिटपासून दीड फरशी. अंधारात मोजायला टेप लागत नाही.

दिवाणापुढचं पायपुसणं आणि टीपॉयखालचा गालिचा दोन्ही काढले. सुटं कापड वॉकरच्या रबरी बुटाखाली गोळा होतं. सेट-टॉप बॉक्सची वायर फरशीवरून जायची, ती भिंतीच्या कडेने पट्टीत बसवली. चौकटीच्या खालच्या बाजूला, घोट्याच्या उंचीवर, हालचालीने लागणारा छोटा दिवा लावला. वरचा दिवा लावायला आजींना वॉकर सोडून बटणापर्यंत हात न्यावा लागायचा.

दोन आठवड्यांनी गेले तेव्हा मुख्य वाटेवर गॅस सिलिंडर, कांद्याची पिशवी आणि इस्त्रीवाल्याचं गाठोडं होतं. मोकळी जमीन दिसली की हातातली वस्तू तिथेच टेकली जाते, हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. ओरडून उपयोग नसतो. या वस्तू दारातून येतात आणि त्यांना दाराजवळ थांबायला जागा नसते. रॅकच्या वर भिंतीत दोन भक्कम हुक मारले, पिशव्यांसाठी, आणि टेबलाखाली भिंतीच्या बाजूला एक टोपली ठेवली, गाठोड्यासाठी. सिलिंडरला दुसरी जागा नव्हतीच. तो आला की त्याच क्षणी आत न्यायचा, असं मुलाने अंगावर घेतलं.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. पाऊस सुरू झाला की ग्रिलमधल्या दोऱ्या निरुपयोगी होतात आणि कपड्यांचं स्टँड घरात उघडतं. सुनेला ते पंख्याखाली, म्हणजे हॉलच्या मधोमध हवं होतं. तिथे ठेवलं तर आजींची वाट जाणार होती. मग लक्षात आलं की पावसाळ्यात कपडे खिडकीबाहेर जातच नाहीत, म्हणजे तिसरी वाट चार महिने रिकामीच आहे. स्टँड टीव्हीसमोरच्या त्या पट्ट्यात, खिडकीजवळ उभं केलं. पंख्याचा वारा तिथे थोडा कमी लागतो, म्हणून खिडकी फटीएवढी उघडी ठेवतात. जाड कपडे वाळायला दुसरा दिवस लागतो, हे सुनेला आवडलेलं नाही आणि मला त्यावर चांगला उपाय सापडलेला नाही. छताला ओढून वर नेता येणारे पाइप लावायचे तर स्लॅबला तिथे ओल आहे, आधी ती दुरुस्त व्हायला हवी. संध्याकाळी टीव्हीपुढून स्टँड बाजूला सरकवतात आणि झोपायच्या आधी घडी घालून टेबलाला टेकवून ठेवतात, कारण त्याच जागी गादी पडते.

तोवर आजींचा वॉकर सुटून काठी आली होती. मुलाने विचारलं, आता सोफा परत आणायचा का? आजींनीच नको सांगितलं. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात आहे.

भाद्रपदात दीड दिवसाचा गणपती. आधीच्या वर्षांत तो टीव्ही युनिटवर बसायचा आणि दर्शनाला आलेली माणसं सोफासेटच्या मधून आत शिरायची, बाहेर निघणाऱ्यांशी टीपॉयपाशी अडकायची. या वर्षी सुनेने स्वतः कागद कापले आणि मला फोटो पाठवला. मखर टेबलावर, दाराच्या भिंतीला पाठ करून. खुर्च्या बेडरूममध्ये. येणारा माणूस दारातून आत येतो, वाटेवरच उभा राहून उजवीकडे वळतो, दर्शन घेतो. बसायचं असेल तर पलीकडे, नाहीतर तसाच मागे. आरतीला बारा-तेरा माणसं वाटेवर आणि बसण्याच्या तुकड्यात उभी राहिली. चपलांचा रॅक मखराच्या इतक्या जवळ आजींना चालेना, तेव्हा दीड दिवस तो रिकामा करून त्यावर पूजेचं ताट ठेवलं आणि चपला सोसायटीला विचारून जिन्यात. जेवणाची पंगत दिवाणापुढच्या जमिनीवर बसली. आजी जमिनीवर बसू शकत नाहीत, त्या दिवाणाच्या कडेला ताट मांडीवर घेऊन बसल्या, समोर मखर, मधली तीन फुटांची पट्टी वाढणाऱ्यांसाठी मोकळी.